गोळ्यांचा हिशेब

प्रश्न: नवऱ्याने लपवून ठेवलेल्या ताठरतेच्या गोळ्या सापडल्या. मोजल्या तर बऱ्याच संपलेल्या आहेत, पण आमच्यात तर महिनोन्महिने फारसं काही नाही. म्हणजे बाहेर कुणी असेल का? भांडण न करता हा विषय काढायचा कसा?

उत्तर: तुम्ही जशा गोळ्या मोजल्यात, तशाच माझ्याकडे आलेल्या एका बाईंनी मोजल्या होत्या. मी २६ वर्षं जोडप्यांच्या अशा तक्रारी ऐकते आहे, पण हिशेब इतका चोख मांडणारी बाई ती एकच. ओळख पटेल असे तपशील बदलून त्यांचीच गोष्ट सांगते. तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं तिच्यात येतील.

त्यांच्या नवऱ्याचं दुकान होतं आणि दुकानाच्या वह्या त्या सांभाळत. महिनाअखेरीला जमा-खर्च जुळेना, म्हणून जुनी पावतीपुस्तकं काढायला त्यांनी गल्ल्याखालचा खण उपसला. मागे एक पत्र्याचा डबा होता. आत सुटे स्क्रू, तुटकी किल्ली आणि चार-चार गोळ्यांची दोन पाकिटं. पाकिटावर लिहिलं होतं, ‘सिल्डेनाफिल १०० मिलिग्रॅम’. आठांपैकी दोनच शिल्लक होत्या.

त्यांनी डबा होता तसा ठेवला, खण बंद केला आणि वहीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने तीन आकडे लिहिले. आणल्या आठ. उरल्या दोन. आमच्यात झालं दोनदा. मग चार गोळ्या गेल्या कुठे?

पाचव्या दिवशी त्या माझ्याकडे एकट्याच आल्या. रडल्या नाहीत. वहीचं पान समोर ठेवलं आणि म्हणाल्या, “डॉक्टर, हा माल कुठे गेला ते सांगा.”

मी त्यांना जे सांगितलं तेच तुम्हालाही सांगते. ही गोळी इच्छा निर्माण करत नाही. मनात उत्तेजना आली की लिंगातल्या मज्जातंतूंच्या टोकांतून एक रसायन सुटतं. त्याने तिथल्या रक्तवाहिन्या सैल होतात आणि रक्त भरतं. थोड्या वेळाने शरीर स्वतःच हा परिणाम मोडून टाकतं. गोळी फक्त ते मोडणं लांबवते. म्हणजे नळ तुम्हालाच उघडावा लागतो, गोळी तो लवकर बंद होऊ देत नाही. त्यामुळे गोळी घेतली आणि काहीच झालं नाही, असं सहज घडतं. पोट भरलेलं असेल, जेवण तेलकट असेल, तर ती उशिरा आणि कमी चढते. डोक्यात ‘आज तरी जमेल ना?’ हे चालू असेल, तर भीतीने शरीरात जे रसायन वाढतं ते रक्तवाहिन्या आवळतं आणि गोळीच्या उलट ओढतं. संपलेली प्रत्येक गोळी म्हणजे एक संबंध, हे समीकरण म्हणूनच चुकीचं आहे. माझ्या अनुभवात लपवून घेतलेल्या गोळ्यांतल्या बऱ्याचशा वाया गेलेल्या असतात.

गोळ्या सापडल्या म्हणून बाहेर कुणी नाहीच, असंही मी त्यांना सांगितलं नाही. पाकिटावरून ते कळत नाही. पाकिटावरून एवढंच कळतं की हा माणूस एका गोष्टीने हैराण आहे आणि ती त्याला तुम्हाला सांगता आलेली नाही.

मग मी त्यांना विचारलं, “त्या दिवसांत ते कधी डोकं दुखतं म्हणाले होते का?”

त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “दोन-तीनदा. चेहरा लालबुंद झाला होता. नाकही चोंदलेलं. मीच डोकं चेपून दिलं.”

डोकेदुखी, चेहरा तापणं, नाक चोंदणं आणि पोटात जळजळ हे या गोळीचे नेहमीचे दुष्परिणाम. कधी डोळ्यांपुढे निळसर झाकही येते. १०० मिलिग्रॅम ही तर वरची मात्रा, सुरुवात बहुतेकांना ५० पासून करतात. पासष्टीच्या पुढे किंवा यकृत-मूत्रपिंडाचा त्रास असेल तर २५ पासून. म्हणजे ज्या रात्री त्यांनी नवऱ्याचं डोकं चेपलं, त्या रात्रींचा माल कुठे गेला ते त्यांच्या हातांना आधीच माहीत होतं. वहीतल्या चारपैकी निदान दोन गोळ्या तिथेच, माझ्यासमोर जुळल्या.

आता बोलण्याचा भाग. मी त्यांना दोनच गोष्टी सुचवल्या होत्या, बाकी सगळं त्यांचं. एक, हा विषय अंथरुणात काढायचा नाही, आणि एखादा प्रयत्न फसल्यावर लगेच तर मुळीच नाही. माणूस तेव्हा आधीच परीक्षेत नापास होऊन बसलेला असतो. दुसरी, पहिला प्रश्न ‘लपवल्यात का?’ हा नको, त्याला उत्तरच नसतं. पहिला प्रश्न तब्येतीचा असावा, आणि तो नुसता सौम्य वाटावा म्हणून नव्हे. हृदयाच्या दुखण्यासाठी जिभेखाली ठेवायची गोळी असते, त्याच जातीच्या पोटात घ्यायच्या गोळ्याही असतात. नायट्रेट म्हणतात त्यांना. त्या आणि ही गोळी एकत्र आल्या तर रक्तदाब एकदम कोसळतो, जीव जाऊ शकतो. प्रोस्टेटसाठीच्या काही गोळ्यांबरोबरही रक्तदाब उतरून चक्कर येते. घरात हे माहीत असायलाच हवं.

दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी दोघं अर्ध्यावर शटर ओढून माल मोजत बसले होते. ही वेळ त्यांनी मुद्दाम निवडली. हात कामात असले की एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. ते आकडा सांगत होते, त्या लिहीत होत्या. मध्येच त्या म्हणाल्या, “अहो, त्या पत्र्याच्या डब्यात गोळ्या दिसल्या मला. शोधायला गेले नव्हते, पावतीपुस्तक काढत होते. मला राग नाही आलेला.”

ते मोजायचे थांबले. मग म्हणाले, “माझ्या नाहीत त्या. एका ओळखीच्याने ठेवायला दिल्यात.”

इथे बहुतेक संसारांत ठिणगी पडते. खोटं समोर दिसत असतं आणि ते पकडायचा मोह आवरत नाही. बाईंनी पकडलं नाही. त्या म्हणाल्या, “बरं. पण ज्याच्या असतील त्याला एक विचारा. छातीसाठी जिभेखाली ठेवायची गोळी घेतो का म्हणावं. दोन्ही एकत्र चालत नाहीत, जिवावर बेततं.” आणि पुढचा आकडा विचारला.

मला हे त्यांनी नंतर सांगितलं तेव्हा मी खुर्चीत मागे टेकले. इतक्या वर्षांत मला हे सुचलं नव्हतं. त्यांनी नवऱ्याचं खोटं मोडलं नाही, त्याच खोट्यातून बोलायला वाट करून दिली.

दोन रात्री गेल्या. तिसऱ्या रात्री दिवा मालवल्यावर ते आपणहून म्हणाले, “विचारलं मी त्याला. तो तसली गोळी घेत नाही.”

“मग बरं झालं.”

“पण डोकं फार दुखतं म्हणत होता.”

“किती घेतो?”

“अख्खी.”

“शंभराची अख्खी? डॉक्टरने सांगितली?”

“नाही गं. बाजारातल्या एका मित्राने दिली. म्हणाला, हमखास.”

त्या ‘त्या’ माणसाबद्दल दोघं अर्धा तास बोलले. त्याला केव्हापासून त्रास आहे, गोळीने काम झालं का, किती वेळा फसली. तो रात्री दुकान बंद करून येतो, पोटभर जेवतो, जेवतानाच गोळी घेतो आणि मग झोपेशी झुंजत वाट बघतो. असं दोनदा झालं. एकदा त्याने दुपारी दुकानात एकटं असताना घेऊन बघितली, चालते का ते तपासायला, आणि काहीच झालं नाही तेव्हा तो फार घाबरला. आणि एकदा गोळी घेतली, पण बायको म्हणाली, आज मी दमले आहे.

एवढं बोलून ते थांबले. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग बाई म्हणाल्या, “त्याने सांगायचं होतं. ती दमलेली होती, पण तिला वाटत होतं की आता ती त्याला आवडत नाही.”

“असं नाही,” ते म्हणाले. “मला वाटलं, तुला कळलंय आणि तू टाळतेस.”

‘तो’ तिथे संपला. चौथी गोळीही जुळली.

या वळणावर मी थोडी रेंगाळते, कारण गैरसमज नेहमी याच ठिकाणी सापडतो. पुरुष जवळ येणं टाळतो, कारण पुन्हा फसेल. बायको ते टाळणं स्वतःवर घेते, तीही हात आखडते. तिचं आखडणं बघून त्याला वाटतं, हिने आपल्याला मोडीत काढलं. दोघंही आपापल्या बाजूने बरोबर असतात आणि अंतर वाढत जातं. बाईंनी मला एक गोष्ट अगदी हळू आवाजात सांगितली होती. त्यांनाही पाळी जायच्या सुमारास कोरडेपणाने दुखत होतं, आणि नवरा जवळ येत नाही याचं एका कोपऱ्यात बरंही वाटत होतं. हे त्यांनीही कधी घरात सांगितलं नव्हतं. तुमच्या बाबतीत असं काही असेल तर तेही बोलण्यात येऊ द्या. त्याच्यावर उपाय साधे आहेत, आणि आपलंही काही लपलेलं होतं हे कळल्यावर समोरच्याची शरम निम्मी होते.

पुढच्या आठवड्यात दोघं आले. दुकानदार ४९ वर्षांचे. खुर्चीच्या कडेवर बसले होते, नजर दाराकडे. मी विचारलं, सकाळी उठताना आपोआप ताठरता येते का? वर्षभरापासून कमी झाली आहे, ते म्हणाले. हा प्रश्न आम्ही मुद्दाम विचारतो. पहाटेची ताठरता शाबूत असेल आणि फक्त जोडीदाराबरोबर अडत असेल, तर काळजी, ताण, मनाचा भाग जास्त. तीही हळूहळू कमी झाली असेल, तर रक्तवाहिन्या, मज्जातंतू किंवा हार्मोन यांच्याकडे बघायला लागतं. बहुतेकांत दोन्ही असतं, एकाने सुरू होतं आणि दुसरं चढत जातं.

रात्री लघवीला किती वेळा उठता? दोन-तीनदा. तहान? लागते. दोन जिने भरभर चढलात तर छातीत दडपतं का? नाही. तंबाखू? यावर बायकोकडे बघून त्यांनी मान हलवली. तंबाखूचं मात्र बायकोलाही माहीत होतं.

रक्तदाब १४८/९२ निघाला. उपाशीपोटीची साखर १६८, आणि तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी चाचणी ८.४ टक्के. ६.५ किंवा त्यापुढे मधुमेह धरतात. त्यांना तो होता आणि कुणालाच पत्ता नव्हता. ताठरतेची तक्रार घेऊन आलेल्या पन्नाशीच्या माणसात मी नेहमी आधी हेच शोधते. लिंगाच्या रक्तवाहिन्या साधारण एक-दोन मिलिमीटर रुंद असतात, हृदयाच्या तीन-चार. नळीत थर साचायला लागला की बारीक नळी आधी चोंदते. म्हणून ताठरता कमी होणं हे कधी कधी हृदयाच्या दुखण्याआधी काही वर्षं दिसतं. त्यांचं वय, साखर आणि तंबाखू बघून मी आधी हृदयाचा आलेख आणि चालत्या पट्ट्यावरची चाचणी करून घेतली. ती होईपर्यंत गोळी बंद. दोन्ही ठीक आल्या. सकाळी रक्त काढून टेस्टोस्टेरॉनही बघितलं, तेही ठीक होतं.

उपचारात चमत्कार काही नव्हता. साखरेची आणि रक्तदाबाची गोळी, रोज चालणं, तंबाखू सोडणं. रक्तदाबाच्या काही जुन्या गोळ्यांनीच ताठरता घटते, त्या मी टाळल्या. सिल्डेनाफिल चालू ठेवली, पण ५० ची. हलक्या पोटी, वेळेच्या साधारण तासभर आधी, चोवीस तासांत एकदाच. परिणामाची खिडकी चारेक तासांची असते, त्यामुळे घड्याळाकडे बघत बसायचं नाही, एकमेकांकडे लक्ष द्यायचं. ज्यांना वेळ ठरवणं जाचक वाटतं त्यांच्यासाठी टाडालाफिल नावाची दुसरी गोळी आहे, तिचा परिणाम दीड दिवसापर्यंत टिकतो. तिने काहींची पाठ दुखते. बायकोला मी बजावलं, “गोळी घेतली म्हणजे तुम्ही बांधील, असं नाही. तुम्ही दमलेल्या असाल तर गोळी वाया गेली तरी चालेल.” तेव्हा दुकानदार पहिल्यांदा हसले.

एक-दोन वेळा फसली म्हणून गोळी निकामी असा निकाल देऊ नका, हेही सांगितलं. योग्य मात्रेत, योग्य रीतीने सहा-आठ वेळा घेतल्याशिवाय काही ठरवता येत नाही. बाईंनी अर्थातच नोंद ठेवली. तीन महिन्यांनी पान समोर आलं: आठपैकी पाच वेळा जमलं, तीनदा नाही. मधुमेहात हे असंच असतं, गोळीला निम्मं-अधिक यश येतं, शंभर टक्के नाही. पण न जमलेल्या तीनपैकी एका नोंदीपुढे त्यांनी लिहिलं होतं, ‘गप्पा मारत झोपलो’. साखरेची सरासरी सातवर आली होती.

आता तुमच्याबद्दल. पाकीट जिथे होतं तिथेच ठेवा. ते फेकलंत किंवा उशीवर आणून मांडलंत तर पुढचं पाकीट तुम्हाला कधीच दिसणार नाही आणि ते काय घेतात हे घरात कुणालाच कळणार नाही. त्यावरचं औषधाचं नाव आणि मात्रा मात्र लिहून घ्या. पाकिटावर एकाऐवजी दोन औषधं असतील तर तेही टिपा, शीघ्रपतनाचं औषध मिसळलेल्या गोळ्याही असतात आणि त्यांनी चक्कर येते. नाव नसलेली पुडी असेल, ‘फक्त जडीबुटी’ म्हणून दिलेली, तर मला तिची जास्त भीती वाटते. अशा पुड्यांत हेच औषध गुपचूप मिसळलेलं वारंवार सापडलं आहे, आणि किती मिसळलंय ते कुणालाच ठाऊक नसतं.

ते पहिल्यांदा चिडतील, किंवा ‘माझ्या नाहीत’ म्हणतील. म्हणू द्या. तब्येतीचा तेवढा एक प्रश्न विचारून ठेवा आणि दोन-चार दिवस थांबा. महिना गेला तरी काहीच आलं नाही, तर पुन्हा एकदा, यावेळी ‘माझंही मला डॉक्टरांना विचारायचं आहे, बरोबर चला’ असं म्हणून बघा. तुमची शंका तरीही तशीच राहिली तर तीही सरळ बोला, पण गोळ्यांच्या हिशेबावर उभी करू नका. तो हिशेब टिकणार नाही.

काही वेळी मात्र हळुवारपणाला जागा नाही. गोळी घेतल्यावर छातीत दुखलं तर दवाखान्यात पोचताक्षणी, सगळ्यांसमोर, कोणती गोळी आणि कधी घेतली ते सांगा. सिल्डेनाफिलनंतर निदान २४ तास आणि टाडालाफिलनंतर ४८ तास नायट्रेट देत नाहीत, आणि तिथल्या डॉक्टरला हे सांगितल्याशिवाय कळत नाही. ताठरता चार तासांवर टिकली, किंवा एकाएकी दिसेनासं-ऐकू येईनासं झालं, तरी लाज बाजूला ठेवून लगेच निघायचं.

दुकानदार अजून दर तीन महिन्यांनी साखर दाखवायला येतात. पत्र्याच्या डब्यात आता फक्त स्क्रू आहेत, गोळ्या घरी साखरेच्या गोळ्यांशेजारी असतात. परवा निघताना ते दारातून परत वळले आणि बायकोकडे न बघता म्हणाले, “डॉक्टर, त्याच्या गोळ्या संपल्यात. चिठ्ठी द्याल का?” बाईंनी पर्समधून वही काढली होतीच.